प्रपोजल जातात, काम येत नाही? हिशोबातल्या या चुका टाळा

मी वेबसाइटची फ्रीलान्स कामं करतो, बरीचशी अपवर्कवरून. तीन महिन्यांत मी ६० प्रपोजल पाठवली आणि ५ कामं मिळाली. "आठ टक्के म्हणजे ठीकच की," असं म्हणून मी शीट बंद केली. पहिली चूक तीच.

पाठवलेली प्रपोजल आणि मिळालेली कामं यांचा थेट भागाकार केला की बिघाड कुठे आहे ते झाकलं जातं. मध्ये दोन दारं आहेत. पाठवलेल्यांपैकी किती जणांनी उत्तर दिलं, हे पहिलं. उत्तर दिलेल्यांपैकी किती जणांनी काम दिलं, हे दुसरं. दुसऱ्या दाराचा भागाकार ६० ने करायचा नाही, उत्तरं जितकी आली तितक्याने करायचा. पहिलं अडलं असेल तर कामाची निवड, वेळ आणि पत्राच्या पहिल्या ओळी तपासायच्या. दुसरं अडलं असेल तर कोटेशन, कॉल, नमुने. कामं येत नाहीत म्हटल्यावर आपण आधी दर पाडतो. पण जो यादीत आपल्यापर्यंत पोचलाच नाही, त्याला दर कमी केल्याचं कळणार तरी कसं?

उत्तर कशाला म्हणायचं तेही एकदा ठरवा. क्लायंटने कामाबद्दल काही विचारलं किंवा कॉलची वेळ मागितली, तरच मी उत्तर मोजतो. "काम दिलं गेलं आहे, धन्यवाद" हे मोजत नाही.

मग मी शीट नीट मांडली. १५ उत्तरं आलेली, म्हणजे २५ टक्के. त्यातून ५ कामं, म्हणजे ३३ टक्के. दोन्ही आकडे बरे दिसले आणि तिथेच दुसरी चूक सापडली. ६० पैकी ८ प्रपोजल अशी होती की क्लायंटनेच मला बोलावणं पाठवलं होतं. त्यातल्या ७ जणांनी उत्तर दिलं, ३ कामं झाली. बोलावून जेवायला गेलेल्या पाहुण्याला ताट मिळतंच, त्यात माझ्या पत्राचं कौतुक काय! ती ८ बाजूला काढल्यावर उरलं हे: ५२ प्रपोजल, ८ उत्तरं, २ कामं. उत्तरांचं प्रमाण २५ वरून १५ टक्क्यांवर आलं.

शीटमध्ये एक रकाना फक्त यासाठी ठेवा. B मध्ये "थेट" किंवा "बोलावणं", D मध्ये उत्तर आलं तर "हो". मग:

```
=COUNTIFS(B2:B200,"थेट",D2:D200,"हो")/COUNTIF(B2:B200,"थेट")
```

गेल्या दोन आठवड्यांतली प्रपोजल यात धरू नका. त्यांची उत्तरं अजून वाटेत असतात, आणि ती धरली की चालू महिना नेहमी वाईटच दिसतो.

आता पत्र बदलायला बसणार होतो, तेवढ्यात ती ५२ कामाच्या प्रकारानुसार लावून पाहिली. शॉपिफायच्या कामांना २० प्रपोजल, ६ उत्तरं. वर्डप्रेसच्या कामांना ३२ प्रपोजल, २ उत्तरं. पत्राचा साचा दोन्हीकडे एकच! वर्डप्रेसच्या त्या जाहिरातींची, प्रपोजल पाठवताना केलेली नोंद पुन्हा उघडली. ३२ पैकी २७ ठिकाणी प्रपोजलच्या संख्येपुढे `20 to 50` किंवा `50+` असं दिसत होतं. म्हणजे जत्रा भरल्यावर मी पोचत होतो. बिघाड पत्रात नव्हता, निवडीत आणि वेळेत होता. पत्र सुंदर करत बसलो असतो तर आणखी महिना गेला असता.

गर्दी नसूनही उत्तर येत नसेल तर मात्र सुरुवातीच्या ओळी बघा. क्लायंटला यादीत पत्राचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो. तो "नमस्कार, मला पाच वर्षांचा अनुभव आहे" यात खर्च झाला, तर पुढचं कितीही चांगलं असो, ते उघडावंसं वाटत नाही.

यानंतर मी एकच गोष्ट बदलली: वीसपेक्षा जास्त प्रपोजल आलेल्या कामांना हात लावायचा नाही. दर, पत्र, नमुने तसेच ठेवले. तीन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर गुण कशाचा आला ते कळलं नसतं.

पहिल्या दहांत एकच उत्तर आलं तेव्हा पोटात गोळा आला होता. पण खरं प्रमाण २० टक्के असलं, तरी दहा प्रपोजलच्या खेपेत एकही उत्तर न येण्याची शक्यता साधारण दहात एक असते. म्हणून तीस होईपर्यंत काही बदलायचं नाही असं ठरवलं. तीस झाली तेव्हा ९ उत्तरं होती. तीसही फार नव्हेत, पण १५ वरून ३० टक्क्यांवर जाणं डोळ्यांत भरण्याइतकं होतं.

त्या ९ मधून कामं मात्र दोनच आली. नऊच्या जोरावर टक्केवारी सांगण्यात अर्थ नाही, म्हणून मी "कुठे तुटलं" असा नवा रकाना काढला आणि गेलेली सात एकेक करून वाचली. चार जण कोटेशन गेल्यावर गप्प झाले होते. त्या चौघांनाही मी ते तिसऱ्या दिवशी पाठवलं होतं. पुढच्या वीस उत्तरांना कोटेशन त्याच दिवशी जाणार आहे. बाकी काही बदलणार नाही.