गेम बारने एकाच प्रोग्रॅमचं रेकॉर्डिंग कसं करावं, आणि डेस्कटॉप व फोल्डर त्यात का येत नाहीत

विंडोज १० आणि ११ मध्ये एक्सबॉक्स गेम बार आधीपासूनच असतो. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, व्हिडिओवर कुणाचा शिक्का उमटत नाही. तो खेळांसाठी बनवला असला तरी एक्सेल, ब्राउझर, टॅली अशा कुठल्याही साध्या प्रोग्रॅमचं रेकॉर्डिंग करतो. मात्र "याने स्क्रीन रेकॉर्ड होते" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते चूक आहे. गेम बार स्क्रीन रेकॉर्ड करत नाही, एका प्रोग्रॅमची एक विंडो रेकॉर्ड करतो. एवढं पक्कं समजलं की पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात.

सोपा भाग आधी उरकतो. सेटिंग्जमध्ये गेमिंग, त्यात कॅप्चर्स उघडा आणि माउसचा बाण रेकॉर्ड करण्याचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा. ज्या प्रोग्रॅमचं रेकॉर्डिंग करायचं तो उघडा, त्याच्या आत एकदा क्लिक करा आणि हे दाबा:

```
Win + Alt + R
```

कोपऱ्यात वेळ मोजणारी छोटी पट्टी दिसली की रेकॉर्डिंग सुरू झालं. तीच बटणं पुन्हा दाबली की थांबतं. माइक चालू-बंद करायला Win + Alt + M. तयार झालेली एमपी४ फाइल तुमच्या व्हिडिओज फोल्डरमधल्या Captures या फोल्डरमध्ये जाते.

आता खरा अवघड टप्पा: रेकॉर्डिंग नक्की कुठल्या विंडोला चिकटतं. मीही इथेच बराच काळ अडलो होतो, कारण स्क्रीनवर सगळं नीट दिसत असतं आणि गडबड नंतर व्हिडिओ पाहतानाच कळते.

ज्या क्षणी तुम्ही Win + Alt + R दाबता, त्या क्षणी जी विंडो पुढे आणि सक्रिय असते, तीच पकडली जाते. डोळ्यांसमोर एक्सेल मोठं उघडलेलं असेल, पण शेवटचं क्लिक डेस्कटॉपवर किंवा एखाद्या फोल्डरमध्ये झालेलं असेल, तर गेम बारच्या लेखी एक्सेल पुढे नसतंच. म्हणून प्रोग्रॅमच्या आत क्लिक करणं ही वरवरची सूचना नाही, ती पहिली अट आहे. खात्री करायची असेल तर Win + G दाबून कॅप्चरचा चौकोन पाहा, त्यात पकडलेल्या विंडोचं नाव लिहिलेलं असतं. नंतर तपासायचं तर फाइलचं नाव वाचा. फाइलच्या नावाची सुरुवात त्या विंडोच्या शीर्षकाने होते, पुढे तारीख आणि वेळ असते.

डेस्कटॉप किंवा फोल्डर पुढे असताना गेम बार उघडला तर रेकॉर्डचं बटण फिकट दिसतं आणि असा संदेश मिळतो:

```
Gaming features aren't available for the Windows desktop or File Explorer
```

हा संदेश पाहून लोक ड्रायव्हर बदलतात, गेम बार काढून पुन्हा टाकतात, कुणीतरी सांगितलं म्हणून रजिस्ट्रीत हात घालतात. यातलं काहीही करू नका. तुमच्या संगणकात काही बिघडलेलं नाही.

डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर दोघांनाच एकत्र नकार का मिळतो, याचं उत्तर त्यांच्या मुळाशी आहे. वरवर ही दोन वेगळी कामं वाटतात, पण दोन्ही explorer.exe हाच प्रोग्रॅम चालवतो. खालचा टास्कबारही त्याचाच. हे स्वतः पाहायचं असेल तर उघडलेली कामं जतन करा, Ctrl + Shift + Esc ने टास्क मॅनेजर उघडा, यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा आणि त्यावर उजवं क्लिक करून रीस्टार्ट करा. क्षणभर टास्कबार नाहीसा होतो, उघडे फोल्डर बंद होतात आणि मग टास्कबार परत येतो. एक्सेल किंवा ब्राउझरला मात्र धक्काही लागत नाही.

गेम बारची सगळी रचना "एक खेळ, त्याची एक विंडो" या कल्पनेवर उभी आहे. खेळ सुरू होतो, चालतो, बंद होतो आणि रेकॉर्डिंगही त्याच्याबरोबर संपतं. डेस्कटॉप असा सुरू होऊन संपणारा प्रोग्रॅम नाही. तो संगणक चालू असेपर्यंत सगळ्यांच्या मागे असतो, बाकीच्या विंडो त्याच्यावर मांडलेल्या असतात. फक्त डेस्कटॉपची विंडो पकडली तरी त्यात वॉलपेपर आणि चिन्हंच आली असती, वर उघडलेलं काही आलं नसतं. तुम्हाला हवी असते अख्खी स्क्रीन, आणि ती या साधनाकडे मागायची वस्तूच नाही.

यावर एक सल्ला फिरतो: आधी एखाद्या प्रोग्रॅमवर रेकॉर्डिंग सुरू करा, मग तो खाली मिनिमाइझ करा, म्हणजे डेस्कटॉप रेकॉर्ड होईल. या सल्ल्यावर महत्त्वाचं काम सोपवू नका. मिनिमाइझ केलेली विंडो नवी चित्रं काढणंच थांबवते. व्हिडिओत शेवटचं दृश्य गोठून राहतं आणि तुमचा आवाज मात्र पुढे बोलत असतो. कामाच्या मधे विंडो मिनिमाइझ करू नका आणि तिचा आकारही बदलू नका.

हे एका उदाहरणातून पाहू. समजा, शाळेतल्या सहकाऱ्यांना दाखवायचं आहे की संकेतस्थळावरून गुणांची फाइल कशी उतरवायची, ती फोल्डरमध्ये कुठे मिळते, आणि एक्सेलमध्ये उघडून एका तुकडीपुरती कशी गाळायची. हे सगळं एका दमात रेकॉर्ड करायला गेलात तर ब्राउझरचा भाग तेवढा येईल. फोल्डर येणार नाही, आणि एक्सेलही येणार नाही, कारण रेकॉर्डिंग अजून ब्राउझरलाच चिकटलेलं आहे.

म्हणून याचे दोन तुकडे करा. ब्राउझरमध्ये सुरू करून फाइल उतरेपर्यंत रेकॉर्ड करा आणि थांबवा. एक्सेल उघडा, आत क्लिक करा, दुसरं रेकॉर्डिंग सुरू करा. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प येतं, त्यात दोन्ही तुकडे एकामागे एक ठेवले की झालं.

मधल्या फोल्डरसाठी मी एक युक्ती वापरतो. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत फोल्डरचा मार्ग टाइप केला तर ब्राउझर स्वतःच फाइलींची यादी दाखवतो. उदाहरणार्थ:

```
file:///C:/Users/Public/Documents
```

ही यादी ब्राउझरच्या विंडोतच असल्यामुळे ती रेकॉर्ड होते. फाइल कुठे आहे हे दाखवायला एवढं पुरतं. त्या यादीतून एक्सेलची फाइल क्लिक करू नका, ब्राउझर तिची आणखी एक प्रत उतरवून ठेवेल. फाइली हलवणं, नाव बदलणं असंच दाखवायचं असेल तर सेव्हन-झिपची स्वतःची फाइलींची विंडो वापरता येते. ती explorer.exe ची नाही, वेगळा प्रोग्रॅम आहे, म्हणून नकार मिळत नाही. पण शिकणाऱ्याच्या घरी नेहमीचा फोल्डरच उघडणार असेल तर हा वळसा मला पटत नाही. तिथे साधनच बदलावं.

एक्सेलच्या तुकड्यात आणखी एक खड्डा आहे, आणि त्याबद्दल फार कमी जण सांगतात. प्रोग्रॅममधून उघडणाऱ्या छोट्या चौकटी, म्हणजे फाइल निवडायची चौकट, उजव्या क्लिकचा मेनू, खाली उलगडणारी यादी, या पुष्कळदा तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या विंडो असतात. तुम्हाला त्या एक्सेलच्याच वाटतात, पण रेकॉर्डिंगमधून गळतात. ओळखायची खूण सोपी आहे: व्हिडिओत बाण रिकाम्या जागी क्लिक करताना दिसतो आणि पुढच्या क्षणी निकाल बदललेला असतो. आपल्या उदाहरणात तुकडी गाळताना उघडणारी यादी नेमकी अशी गायब होऊ शकते. शिकणाऱ्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची पायरी असते.

म्हणून पूर्ण धडा बोलण्याआधी त्या एकाच पायरीचं दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून पाहा. मेनू गळत असेल तर शक्य तिथे विंडोच्या आतला रस्ता घ्या. एक्सेलमध्ये फाइल उघडताना शोधायची चौकट टाळून, फाइल मेनूच्या पानावर दिसणाऱ्या अलीकडच्या फाइलींच्या यादीतून उघडा. ते पान एक्सेलच्या विंडोचाच भाग असतं. संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये खाली उलगडणारी यादी असेल तर टॅबने तिच्यावर जा आणि ती न उघडता खालचा बाण दाबा. बहुतेक साध्या फॉर्ममध्ये निवड पानावरच बदलताना दिसते आणि रेकॉर्डही होते.

आवाजाचं थोडक्यात. गेम बारच्या सेटिंगमध्ये फक्त खेळाचा आवाज की संगणकातला सगळा आवाज, अशी निवड असते. पहिला पर्याय ठेवा. नाहीतर मधे आलेल्या मेसेजची सूचना चित्रात दिसणार नाही, पण तिचा टिंग आवाज मात्र येईल.

त्या सूचना चित्रात न येणं हा गेम बारचा मोठा गुण आहे. वर्गातल्या पालकांचे निरोप, बँकेचे ओटीपी, डेस्कटॉपवरच्या खासगी फाइलींची नावं, यातलं काहीच चुकून बाहेर जात नाही. एका प्रोग्रॅममध्येच सगळं काम होत असेल तर मी आजही हेच साधन सुचवतो.

काम दोन-तीन प्रोग्रॅममध्ये ये-जा करणारं असेल, किंवा फोल्डर आणि मेनू दिसायलाच हवे असतील, तर गेम बारशी झगडू नका. विंडोज ११ मध्ये Win + Shift + R दाबा. स्निपिंग टूल उघडतं, त्यात स्क्रीनचा चौकोन आखायचा आणि त्या चौकोनात जे दिसेल ते सगळं रेकॉर्ड होतं, डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोररसकट. विंडोज १० च्या स्निपिंग टूलमध्ये ही सोय नाही. तिथे ओबीएस स्टुडिओ हे मोफत साधन घ्या आणि त्यात अख्खा डिस्प्ले पकडण्याचा पर्याय निवडा. दोन्हीकडे सूचनाही चित्रात येतात, त्यामुळे सुरू करण्याआधी विंडोजच्या सूचना बंद करा आणि डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून व्ह्यूमधून चिन्हं लपवा.