रियुनियनच्या फोटोतली नावं सरांना विचारायची असतील तर

आमच्या दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर झालं, फोटोत ४३ जण आणि नावं आठवतायत जेमतेम २५. वर्गशिक्षकांना फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तर उत्तर आलं, "मागे उभी आहे ती कोण रे?" मागे उभ्या होत्या नऊजणी!

मग असं केलं:

१. फोटोची ए फोर प्रिंट काढली, वर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त डोक्यांचे गोल काढले आणि डावीकडून, पुढच्या रांगेपासून प्रत्येक गोलात नंबर टाकला. चेहऱ्यावर काही लिहायचं नाही.

२. सोबत शाळेतला जुना ग्रुप फोटोही पाठवला, कारण सरांना आपण चौदा-पंधरा वर्षांचेच आठवतो, टक्कल पडलेले नाही.

३. पत्र छोटं, मोठ्या अक्षरात: "सर, सा. न. वि. वि. मी ९६च्या दहावी ब मधला, तिसऱ्या बाकावरचा. नंबर ७, १२ आणि ३१ ओळखता येतात का? नाव नाही आठवलं तर गाव, टोपणनाव, कुणाचा भाऊ-बहीण, काहीही चालेल. मुलींचं माहेरचं आडनावच हवंय."

४. नंबरांची रिकामी यादी आणि आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. खात्री असेल तिथे बरोबरची खूण, अंदाज असेल तिथे प्रश्नचिन्ह करायला सांगितलं.

१२ नंबरपुढे सरांनी लिहिलं, "नाव आठवत नाही, एसटीने यायचा, पहिला तास बुडायचा." आम्ही लगेच ओळखला!

एक मात्र बघा, प्रश्नचिन्हवालं नाव दुसऱ्या कुणाला विचारल्याशिवाय फोटोखाली छापू नका, आमच्याकडे दोन बहिणींची अदलाबदल होता होता राहिली.