दिवाळीनंतर समुद्रावर जाताय? आधी तिथी बघा

बॅगा भरायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि ज्या दिवशी समुद्रावर असाल त्या दिवसाची तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तासांनी, पावणेआठला ओहोटी पूर्ण. हा हिशेब मुंबईकडचा, मालवण-गोव्याकडे भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या, पण अंदाज मनात असू द्या. कारण लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे उधाण त्याच दोन-चार दिवसांत. आणि आपण सगळे चहा-भजी आटोपून सूर्यास्त बघायला साडेचारला पाण्यात उतरतो, तेव्हा उधाणाचं पाणी सगळ्यात वेगाने उतरत असतं. मी घरच्यांना नेतो तेव्हा डुंबायचं सकाळी, संध्याकाळी फक्त वाळूत बसायचं, असं निघायच्या आधीच ठरवून टाकतो. किनाऱ्यावर गेल्यावर पोरांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

ओहोटी माणसाला आत ओढते असं आपण सरसकट म्हणतो. खाडीच्या तोंडाशी ते खरंच आहे. मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर किंवा गोव्यातल्या बागा किनाऱ्याच्या उत्तर टोकाला खाडी समुद्राला मिळते, तिथे उतरतं पाणी स्वतःच ओढून नेतं, म्हणून तिथे पोहायचं नाहीच. उघड्या पुळणीवर मात्र ओढणारी गोष्ट वेगळी असते, तिला रिप करंट म्हणतात. लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे ढकलत असतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा आडवा उंचवटा तयार झालेला असतो, त्यात कुठेतरी खिंड असते, आणि साठलेलं पाणी त्या खिंडीतून एकवटून बाहेर पळतं. पाणी उतरलं की उंचवट्यावर खोली कमी होते, लाटा तिथे जोरात फुटतात आणि परतीचं पाणी खिंडीतच कोंबलं जातं. म्हणून हा प्रवाह बऱ्याचदा ओहोटीच्या सुमाराला जास्त जोर धरतो. तो खाली ओढत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो दमून आणि घाबरून.

तिथीनंतर लाटांचा अंदाज बघायचा. आकाश निरभ्र आहे म्हणजे समुद्र शांत आहे असं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेने गेलं, तरी ऐन दिवाळीच्या तोंडावर कोकण किनाऱ्यावर मोठ्या लाटा आदळल्या. वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी त्याच्या लाटा प्रवास करून येतात, आणि दोन लाटांमधलं अंतर जितकं लांब तितकं एका लाटेतून येणारं पाणी जास्त. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री आणि पोहोचल्यावर सकाळी, असा दोनदा तो इशारा बघा. इशारा असेल तर त्या दिवसाचा बेत बदला. किल्ला बघा, मासे खा.

सामानात पोहण्याचे कपडे घ्या. साडी, ओढणी, जीन्स घालून पाण्यात जाणं ही आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय आहे. जीन्स भिजली की पाय उचलत नाहीत, ओढणी लाटेत गुंडाळते. मुलांना भडक केशरी किंवा पिवळे टीशर्ट द्या, निळा आणि राखाडी रंग पाण्यात हरवतो. एक शिट्टी घ्या. वीस-पंचवीस मीटर दोरी आणि घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅनही डिकीत टाका. त्याचं काम पुढे सांगतो. हवा भरलेली हंस, टायर, गादी अशी खेळणी मात्र घरीच ठेवा. किनाऱ्याकडून समुद्राकडे वारा सुटला की त्यावर बसलेलं पोर बघता बघता आत जातं.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरायचं नाही. जरा उंच जागा शोधा, पायऱ्या, बंधारा, काहीही, आणि दहा मिनिटं फक्त लाटा बघा. सगळीकडे पांढरा फेस फुटतोय आणि मधेच एक पट्टा गप्प, गडद, जेमतेम लाट फुटणारा दिसतोय, तर तीच खिंड. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा पोहायला छान वाटते, घोळ तिथेच होतो. त्या पट्ट्यात वाळूने गढूळ झालेलं पाणी, फेसाचे तुकडे किंवा नारळाची चोडं समुद्राकडे सरकताना दिसली तर शंकाच नको. डोंगराची सोंड पाण्यात उतरते तिथे खडकांलगतही असा प्रवाह बऱ्याचदा कायम असतो. पण पाणी खवळलेलं असेल तर कसलेल्या डोळ्यालाही तो पट्टा दिसत नाही, म्हणून झेंडे बघायचे.

अर्धा लाल, अर्धा पिवळा झेंडा म्हणजे इथे जीवरक्षकाचं लक्ष आहे. असे दोन झेंडे रोवलेले असतात आणि पोहायचं ते त्या दोघांच्या मधेच. झेंड्याच्या पलीकडे वीस पावलं गेलात तरी तुम्ही पहाऱ्याबाहेर. पूर्ण लाल झेंडा म्हणजे धोका मोठा, पाण्यात उतरू नका. गोव्यात पोहायला मनाई असलेल्या पट्ट्यावर हाच दिसतो आणि पावसाळ्यात किनारेच्या किनारे लाल असतात. नुसता पिवळा असेल तर लाटा-प्रवाह मध्यम आहेत, कच्च्या पोहणाऱ्याने गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. दोन लाल झेंडे एकावर एक म्हणजे पाणी सगळ्यांसाठी बंद. जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव. हे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे अर्थ आहेत, पण प्रत्येक किनाऱ्यावर सगळे रंग लागत नाहीत, म्हणून तिथला फलक वाचा आणि जीवरक्षकाला सरळ विचारा, ‘दादा, आज ओढ कुठे आहे?’ त्याला तो प्रश्न आवडतो.

जेवून परत आलात की झेंडे पुन्हा बघा. पाणी उतरल्यावर ओढीची जागा बदलू शकते, तसे जीवरक्षक झेंडेही हलवतात. सकाळी बरोबर असलेली जागा दुपारी झेंड्यांच्या बाहेर गेलेली असू शकते. कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर एकही झेंडा नसतो. त्याचा अर्थ पाणी सुरक्षित आहे असा नाही, बघायला कोणी नाही एवढाच. आणि ‘ब्लू फ्लॅग’ किनारा म्हणजे पोहायला बिनधोक, हा समजही सोडा. ते स्वच्छता, पर्यावरण, सुरक्षा व्यवस्था यांसाठी दिलेलं प्रमाणपत्र आहे. आज लाट केवढी आहे हे तो निळा झेंडा सांगत नाही.

पाण्यात कंबरेच्या पुढे जायचं नाही आणि लहान मुलं हाताच्या अंतरावर ठेवायची. हाताच्या अंतरावर म्हणजे खरंच हात लांबवला की दंड धरता आला पाहिजे. दारू घेतलेल्याला वाळूतच बसवा, तिथे मैत्री बघू नका.

आता समजा, कंबरभर पाण्यात उभे असताना पायाखालची वाळू सरकली आणि दोन लाटांत तुम्ही किनाऱ्यापासून लांब गेलात. जोराचा प्रवाह सेकंदाला एक मीटर, म्हणजे मिनिटाला साठ मीटर वाहू शकतो. तलावात नियमित पोहणारा साधा माणूस मिनिटाला पन्नास मीटर कापतो. म्हणजे जीव तोडून किनाऱ्याकडे हात मारलेत तरी दर मिनिटाला दहा मीटर मागेच जाणार, आणि तीन-चार मिनिटांत हातात ताकद उरणार नाही. म्हणून पहिल्या क्षणी करायचं काय, तर काहीच नाही. पाठीवर उताणे व्हा, तोंड वर, कान पाण्यात, श्वास सावकाश. एक हात वर करून हलवा. प्रवाह बहुतेक वेळा लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन मोकळा होतो, अनेकदा गोल फिरून पाणी उंचवट्याकडेच परत येतं. ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर, जिकडे पांढरा फेस फुटतोय तिकडे सरका. फेस म्हणजे तिथे पाणी उथळ आणि लाट किनाऱ्याकडे जाणारी. एका बाजूला पोहताना जागचे हलत नसाल तर दुसरी बाजू धरा, कारण किनाऱ्यालगतचा आडवा प्रवाहही तुमच्या विरुद्ध असू शकतो. लाटेबरोबर आत या, मधे दमलात की पुन्हा उताणे.

हे घरातल्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगून ठेवा आणि जमलं तर गावच्या तलावात उताणं तरंगायचा सराव करून घ्या. पोहता येतं पण तरंगता येत नाही असे पुष्कळ असतात.

किनाऱ्यावर एक माणूस कोरडा राहिला पाहिजे. त्याने फोटो काढायचे नाहीत, डोकी मोजायची. बुडणारा माणूस सिनेमासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होतं, मान मागे पडते, हात बाजूला दाबल्यासारखे हलतात, आवाज येत नाही. असं दिसलं की शिट्टी मारा, जीवरक्षकाला हाका मारा, एकाने ११२ लावा आणि दुसऱ्याने त्या माणसावरची नजर हलवू नये, नुसतं बोट दाखवत राहावं. त्याच्यामागे पाण्यात उडी मारायची नाही. वाचवायला गेलेला भाऊ किंवा मित्रच बुडाला, हे दर वर्षी घडतं. हातांची साखळी करून आत जाणंही तसंच, एका लाटेने सगळी साखळी खोल पाण्यात जाते. इथे तो कॅन कामाला येतो. दोरी कॅनच्या कानाला बांधा, आत थोडं पाणी ठेवा म्हणजे वाऱ्यावर उडणार नाही, झाकण घट्ट लावा आणि बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकून त्याच्याकडे ओढा. पाच लिटर हवा एका माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायला पुरते. दोरी मनगटाला गुंडाळू नका, लाट तुम्हालाही नेईल.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगू नका, पोटही दाबू नका. पोटातलं पाणी आणि उलटी श्वासनलिकेत जाते. उताणं झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी पाच श्वास द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, हे रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने चालू ठेवा. आणि शुद्धीवर येऊन ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी खोकला किंवा धाप असेल तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो, त्यामुळे जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे मुक्कामाला पोहोचलात की लॉजवाल्याला विचारून ठेवा.