माथेरानच्या होमस्टेची लिस्टिंग: या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत राहून माथेरानचं वडिलोपार्जित घर ॲपवर भाड्याने देणारे बरेच जण आहेत. पाहुणे खूश नसले की ते आधी फोटो बदलतात. दोष बहुतेक वेळा मजकुरात असतो.

घोडबंदर रोडवरच्या ओळखीच्या एका काकूंचं शीर्षक होतं, ‘निसर्गाच्या कुशीत सुंदर, शांत होमस्टे, माथेरान’. गावाचं नाव ॲप स्वतःच दाखवतं, आणि सुंदर-शांत तर सगळेच असतात. मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच कापलं जातं, म्हणून कामाचं ते आधी यायला हवं. आता तिथे आहे, ‘बाजारापासून ५ मिनिटं, ३ खोल्या, अंगण, घरचं जेवण’. मिनिटं मात्र स्वतः चालून मोजा, तीही बॅग घेऊन.

खरी गडबड वर्णनात होती. सुविधांमध्ये ‘पार्किंग’वर टिक होती, कारण दस्तुरीला गाड्या लावता येतात. पाहुण्याने त्याचा अर्थ दारात पार्किंग असा घेतला आणि आजी, दोन सुटकेस, कुलर असं सगळं घेऊन दस्तुरी नाक्यावर उतरला. त्यापुढे खासगी गाड्या जातच नाहीत. बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर आत. रिव्ह्यूत घराचं कौतुक होतं, तारे मात्र तीन. ‘गाडी दारापर्यंत येते ना?’ हा प्रश्न बुकिंगनंतर पुन्हा पुन्हा येत असेल, तर तुमच्याही लिस्टिंगमध्ये हेच दुखणं आहे असं समजा.

उपाय साधा आहे. पार्किंगची टिक काढा. ‘अधिक वाचा’च्या आधी दोन-तीनच ओळी दिसतात, तिथे हे लिहा: ‘गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते, पार्किंगचे पैसे वेगळे. पुढे चालत, घोड्यावरून किंवा अमन लॉजहून शटल ट्रेनने यावं लागतं. सामानासाठी हमाल मिळतो.’ बुकिंग कमी होईल अशी भीती काकूंनाही होती. पण हे वाचून जो मागे फिरतो, तोच नंतर एक तारा देऊन गेला असता. शिवाय गाड्यांचा आवाज नसणं हीच तर इथली खासियत, ती पुढच्याच ओळीत सांगा.

लोकलने येणाऱ्यांसाठी एक ओळ पुरते: ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळला उतरून दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी. ‘नेरळहून टॉय ट्रेनने या’ असं बाराही महिने ठेवू नका. पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज टप्पा सहसा बंद असतो. अमन लॉज-माथेरान शटल साधारणपणे चालू राहते. जूनमध्ये ही ओळ बदलायची आणि ‘खिडकीतून दरीचा व्ह्यू’च्या पुढे ‘पावसाळ्यात बहुतेक धुकं’ एवढं जोडायचं.

माकडांचंही लिहा. खिडक्यांना जाळी असेल तर तेही, कारण लहान मुलं असलेले पाहुणे नेमकं तेच विचारतात.