घरातल्या उपकरणांची नोंदवही : वॉरंटीची तारीख लिहिताना या चुका टाळा

जानेवारी २०२४ मध्ये आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी निकामी झाली. नोंदवहीत खरेदीची तारीख होती १५ जून २०२१ आणि वॉरंटी ‘५ वर्षे’. त्यातली बदलून देण्याची पहिली तीन वर्षे पुरी व्हायची असल्याने बॅटरी विनामूल्य बदलून मिळाली. घरी येऊन मी जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली : खरेदी जानेवारी २०२४, वॉरंटी जानेवारी २०२९ पर्यंत. ही दुसरी ओळ साफ चुकीची होती आणि अशी ओळ मी आजवर बऱ्याच घरांच्या नोंदवह्यांत पाहिली आहे.

बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही. मूळ वॉरंटीचे जेवढे दिवस उरले असतील, तेवढेच तिच्या वाट्याला येतात. म्हणजे आमच्या बॅटरीची वॉरंटी संपणार होती १४ जून २०२६ लाच. बदलला होता फक्त सिरीयल नंबर, आणि नेमका तोच मी लिहिला नव्हता. पुन्हा तक्रार करायची वेळ आली असती तर कार्डावरचा नंबर आणि बॅटरीवरचा नंबर जुळला नसता. म्हणून वस्तू बदलून मिळाली की जुनी ओळ खोडू नका. तिच्याच खाली बदलाची तारीख, नवा सिरीयल नंबर आणि दुकानदाराने दिलेल्या पावतीचा क्रमांक लिहा. कार्डावर बदलाची नोंद आणि शिक्का तिथल्या तिथे मागून घ्या.

‘५ वर्षे’ म्हणजे कसली ५ वर्षे?

बॅटरीच्या कार्डावर बहुतेकदा ३६+२४ महिने असे छापलेले असते. पहिले ३६ महिने बॅटरी बदलून देतात. पुढचे २४ महिने मात्र ‘प्रो-राटा’, म्हणजे नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर सवलत, आणि ती जसजसे महिने जातील तसतशी कमी होते. दोन्ही मिळून ६० महिन्यांची एकच तारीख लिहिली की चौथ्या वर्षी घरातला माणूस फुकट बॅटरी मिळेल या समजुतीने दुकानात जातो.

प्रो-राटाचा हिशेब एकदा मांडून बघाच. समजा छापील किंमत १८,००० रुपये आणि सवलत २० टक्के, म्हणजे १४,४०० भरायचे, वर जुनी बॅटरी जमा करायची. तीच बॅटरी बाजारात १५,००० ला मिळत असेल आणि जुनीचे २,५०० वळते होत असतील, तर खिशातून जातात १२,५००. वॉरंटी वापरून १,९०० रुपये जास्त! पहिला टप्पा संपतो ती तारीख म्हणूनच महत्त्वाची. तिच्या दोन महिने आधी बॅटरी किती वेळ टिकते हे पाहावे आणि शंका आली तर तेव्हाच तपासून घ्यावी.

एसी आणि फ्रिजचेही असेच आहे. जाहिरातीत ठळक दिसतात ती १० वर्षे बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असतात, पूर्ण यंत्राला वर्षभरच. माझ्या बहिणीच्या घरी तिसऱ्या उन्हाळ्यात एसी थंड होईना. कॉम्प्रेसर ठणठणीत होता, बाहेरच्या युनिटच्या कॉइलमधून गॅस गळत होता. नोंदवहीत ‘वॉरंटी १० वर्षे’ असल्याने तिने मेकॅनिकशी वाद घातला, पण कार्डाप्रमाणे कॉइल, गॅस भरणे आणि मजुरी, सगळेच वॉरंटीबाहेर होते. म्हणून आता मी एका उपकरणाला एक ओळ देत नाही, वॉरंटीच्या प्रत्येक भागाला देतो. ‘एसी – पूर्ण’, ‘एसी – कॉम्प्रेसर, फक्त भाग’. ‘गीझर – टाकी’ आणि ‘गीझर – कॉइल’ यांच्याही मुदती वेगळ्या असतात. स्प्लिट एसीला दोन सिरीयल नंबर असतात, आतल्या युनिटचा एक, बाहेरच्याचा एक. कॉम्प्रेसर बाहेर असतो, त्यामुळे बाहेरचा लिहिला नसेल तर अडायला होते. गीझर भिंतीवर चढला की त्याची पट्टी वाचता येत नाही. बसवायच्या आधीच फोटो काढा.

तारीख कुठून मोजायची

दिवाळीत घेतलेला एसी कित्येक घरांत मार्चमध्ये बसतो आणि वहीत मार्चची तारीख पडते. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून धावते, म्हणजे चार महिने बसवण्याआधीच गेलेले. दोन्ही तारखा लिहा, मोजा मात्र बिलाचीच, कार्डावर वेगळे छापले नसेल तर.

गूगल शीट वापरत असाल तर एक खोड लक्षात ठेवा. शीटची मांडणी अमेरिकन असेल तर 05/08/2023 ही तुमची ५ ऑगस्ट तिथे ८ मे होते. 13/08/2023 ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ते नुसता मजकूर बनून राहते. ओळखायची खूण सोपी : खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. `File` → `Settings` → `Locale` मध्ये `India` निवडा. आधीच चुकलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या बिल समोर ठेवून पुन्हा टाका. खरेदीची तारीख C2 मध्ये असेल तर ३६ महिन्यांचा शेवटचा दिवस असा मिळतो :

```
=EDATE(C2,36)-1
```

सर्व्हिसचा रकाना

‘दर सहा महिन्यांनी’ असे सगळ्यांपुढे लिहून टाकणे निरुपयोगी ठरते. आमच्याकडे बोअरचे जड पाणी आहे. गीझरच्या कॉइलवर क्षार धरतात, पाणी तापायला वेळ लागतो आणि आतून खडखड आवाज येतो. आरओचा पहिला फिल्टर पावसाळ्याच्या गढूळ पाण्याने लवकर तुंबतो. एसीची जाळी उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी घरीच धुवावी लागते, पण हिवाळ्यात तिच्याकडे बघायचीही गरज नसते. बॅटरीतले डिस्टिल्ड वॉटर मी दर दोन महिन्यांनी पाहतो, उन्हाळ्यात महिन्याने. पुढची तारीख ठरलेल्या दिवसापासून न मोजता, काम प्रत्यक्ष झाले त्या दिवसापासून मोजा. पहिल्या वर्षातल्या मोफत सर्व्हिसेसना स्वतंत्र ओळी द्या. त्या बऱ्याचदा मागितल्याशिवाय होत नाहीत आणि वर्ष सरले की बुडतात.

बिल आणि पुस्तिका

दुकानातले गुळगुळीत कागदाचे बिल उष्णतेने छापलेले असते. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले तरी ते पुसट होत जाते, आणि लॅमिनेट केले तर गरम यंत्रातून काळेच होऊन बाहेर येते. मिळाले त्याच दिवशी फोटो आणि झेरॉक्स काढा. वॉरंटी कार्ड कित्येकदा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असते. ते कोरे राहिले तर बॅटरीसारख्या वस्तूची मुदत विक्रीऐवजी उत्पादनाच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते, म्हणून दुकानातच तारीख आणि शिक्का.

पुस्तिकेपुढे ‘कपाटात’ एवढेच लिहू नका. मी फायलींना क्रमांक दिले आहेत आणि वहीत लिहितो : ‘फाइल ३, बॅटरी, कार्ड पान शेवटचे’. मी गावाला असताना वीज गेली तेव्हा आईने फोन न करता ते कार्ड काढले होते.