साडेसात मिलिग्रॅम, रोज

सेकंड एमबीबीएसला कॅन्सरच्या औषधांचा तक्ता मी घोकून पाठ केला होता. अँटिमेटाबोलाइट्स सेल सायकल स्पेसिफिक, त्यातही एस फेजवर, म्हणजे पेशी डीएनए बनवते त्या टप्प्यावर. अल्किलेटिंग एजंट्स नॉनस्पेसिफिक. व्हायवात मार्क मिळाले. पण तो तक्ता मला कळला इंटर्नशिपमध्ये, मेडिसिनच्या वॉर्डात, एका आजींमुळे.

आजींना संधिवात होता. मेथोट्रेक्सेट हे अँटिमेटाबोलाइट चालू झालं होतं, अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर वार लिहिलेला नव्हता. घरच्यांनी त्या रोज दिल्या, सलग दहा दिवस. शिवाय सांधे दुखायचे म्हणून मेडिकलवरून आणलेली पेनकिलर. आल्या तेव्हा तोंड आतून पूर्ण सोललेलं, पाणीही गिळवत नव्हतं, जुलाब आणि ताप. पांढऱ्या पेशी नऊशे, प्लेटलेट्स बावीस हजार.

रात्री मी हिशेब मांडला. दहा दिवसांत एकूण ७५ मिलिग्रॅम. स्तनाच्या कॅन्सरच्या जुन्या सीएमएफ रेजिमेनमध्ये मेथोट्रेक्सेट चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण दीड चौरस मीटरच्या बाईला एका वेळी ६० मिलिग्रॅम, पहिल्या आणि आठव्या दिवशी. ती बाई इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी घरी जाते. मग जवळपास तेवढ्याच औषधाने आजी मरणाच्या दारात कशा?

सर म्हणाले, "दादरच्या पुलावर टीसी उभा आहे असं समज. तो फक्त पुलावरून जाणाऱ्याला पकडणार. एकदम दहा टीसी पाच मिनिटं उभे राहिले तर तेवढ्या वेळात जे आले तेच सापडतील. एकच टीसी दहा दिवस हलला नाही, तर सगळं गाव सापडेल."

एस फेज म्हणजे तो पूल. मेथोट्रेक्सेट डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे फोलेट वापरात आणणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे डीएनएसाठी लागणारं थायमिडिन बनत नाही. पण डीएनए बनवत असलेल्या पेशीलाच त्याची झळ. अस्थिमज्जा आणि तोंडा-आतड्याचं अस्तर यांतल्या पेशी सतत पुलावरून येत-जात असतात. रोजच्या गोळीने पूल मोकळा झालाच नाही. त्यात किडनीतून औषध बाहेर टाकणं पेनकिलरने मंदावलं. अशा पेशंटमध्ये क्रिएटिनिन आधी बघा आणि को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे फोलेटच अडवणारं अँटिबायोटिक, चालू नाही ना, हेही विचारा.

इथे मी एक चूक करणार होते. "फोलेट अडलंय ना, मग फोलिक ॲसिडच्या गोळ्या देऊ?" पण फोलिक ॲसिडला वापरात यायला तेच अडलेलं एन्झाइम लागतं. फोलिनिक ॲसिड, म्हणजे ल्यूकोव्होरिन, त्या अडथळ्याच्या पलीकडे उतरतं. आजींना ते दर सहा तासांनी शिरेतून दिलं, सोबत अँटिबायोटिक्स. रक्तातली मेथोट्रेक्सेटची लेव्हल कमी आली म्हणून ल्यूकोव्होरिन थांबवायचं नसतं; मेथोट्रेक्सेट पेशींच्या आत साठून राहिलेलं असतं. आठव्या दिवशी काउंट वर सरकले. त्याआधी आजींनी चमचाभर पेज गिळली, तेव्हाच सिस्टर म्हणाल्या होत्या, "सुटल्या."

अल्किलेटिंग एजंट्सची गोष्ट वेगळी. सायक्लोफॉस्फामाइड डीएनएच्या दोन धाग्यांना टाके घालतं, पेशी जागी असो वा झोपलेली. इथे कितीवेळा दिलं यापेक्षा एकूण किती गेलं हे जास्त मोजायचं. नॉनस्पेसिफिक म्हणजे सगळ्या पेशी सारख्याच मरतात, असं मात्र नाही. झोपलेल्या पेशीला टाका उसवायला वेळ मिळतो. घाईने विभागणारीला मिळत नाही. म्हणून काउंट इथेही पडतात, साधारण आठ ते चौदा दिवसांत.

पण झोपलेल्या पेशींवरचा वार उशिरा दिसतो, आणि तो तक्त्यात एका ओळीत संपतो. अंडाशयातली बीजं वर्षानुवर्षं झोपलेली असतात. मेथोट्रेक्सेट त्यांना बहुधा सोडतं, सायक्लोफॉस्फामाइड सोडत नाही. काही वर्षांनी ल्युकेमिया होण्याचा धोकाही याच गटाचा.

लघवीतलं रक्त ही सायक्लोफॉस्फामाइडची आणखी एक खोड. यकृतात त्यापासून ॲक्रोलीन बनतं आणि मूत्राशयात साचून अस्तर जाळतं. मोठ्या डोसबरोबर मेस्ना देतात. ते लघवीत ॲक्रोलीनला बांधून टाकतं. अस्थिमज्जेला त्याचा काही उपयोग नाही. भरपूर सलाईन लावून पेशंटला रात्री लघवीला उठवलं नाही, तर मूत्राशय भरलेलंच राहतं. नव्या इंटर्नला हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते: रात्री दोन वाजता उठवा, शिव्या खा.

पुढे ऑन्कॉलॉजीच्या पोस्टिंगमध्ये एकोणतीस वर्षांच्या पेशंटने सायक्लोफॉस्फामाइडच्या तिसऱ्या सायकलनंतर विचारलं, "मॅडम, पाळी परत येईल ना?" हा विषय पहिल्या सायकलच्या आधी काढायला हवा होता, बीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवायची वेळ तेव्हाच असते. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

मेथोट्रेक्सेट लिहिताना मी आता वार लिहिते, "फक्त रविवारी", आणि खाली "रोज घ्यायची नाही". मग घरच्यांकडून मोठ्याने वाचून घेते.