दुसरा चेंडू टाकण्यापूर्वी: लीगसाठी तयारीची यादी

शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने आपल्या सोलापूरच्या संघाला टेनपिन बोलिंग लीगसाठी पुण्याला जायचे आहे. मागच्या फेरीत मी केलेली चूक पुन्हा कोणाकडून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे. मोजे, टॉवेल आणि चेंडू घ्या. गाडीत शेंगाचटणी-भाकरी खाल्लीत तर हात साबणाने धुवा, कारण तेलकट अंगठा चेंडूच्या भोकात टिकत नाही. याहून अधिक काही सांगायला नको.

हॉलवर पोहोचल्यावर फाउल लाइनजवळ उभे राहून पावले मोजून घ्या. बुटाचे टोक रेषेच्या वर हवेत गेले तर फाउल होत नाही. रेषेपलीकडे लेनला, भिंतीला किंवा कोणत्याही उपकरणाला शरीराचा कोणताही भाग टेकला, तर मात्र तो फाउल आहे. चेंडू सुटल्यानंतरही हे लागू असते. पुढचा खेळाडू टाकण्याच्या पवित्र्यात येईपर्यंत तुमचा चेंडू खेळातच धरला जातो, म्हणून पिन पडल्याच्या आनंदात रेषा ओलांडून नाचू नका. फाउल झाला की ती फेक मोजली जाते, पण पिनांचे शून्य गुण मिळतात. पहिल्या चेंडूवर फाउल झाल्यास दहाही पिना पुन्हा उभ्या केल्या जातात आणि दुसऱ्या चेंडूवर त्या सगळ्या पडल्या तर तो स्पेअर असतो, स्ट्राइक नव्हे. यावरून मशीनशी हुज्जत घालू नये.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे डेडवुड. पडलेली पिन लेनवर किंवा गटरमध्ये तशीच राहिली, की तिला डेडवुड म्हणतात. पहिल्या चेंडूनंतर स्वीप बार खाली येतो आणि आपल्यामागच्या पडलेल्या पिना मागे ढकलून नेतो. परंतु एखादी पिन उसळून त्याच्या पुढे आली असेल, तर ती त्याच्या तावडीतून सुटते. माझ्या सहाव्या फ्रेममध्ये हेच झाले. पहिल्या चेंडूत आठ पिना पडल्या, सहा आणि दहा क्रमांकाच्या उरल्या, आणि पडलेल्यांपैकी एक पिन उजव्या गटरमध्ये तिरकी अडकून तिचे डोके लेनच्या काठावर आलेले होते. मी समोरच्या दोन उभ्या पिनांखेरीज काहीच पाहिले नाही. चेंडू आधी त्या डोक्याला घासला, मग दोन्ही पिना पडल्या आणि पडद्यावर स्पेअर उमटला.

प्रतिस्पर्धी कर्णधाराने हरकत घेतली आणि ती बरोबरच होती. लेनवर किंवा गटरमध्ये डेडवुड असताना चेंडू टाकला आणि लेन सोडण्यापूर्वी तो त्याला लागला, तर त्या फेकीत पडलेल्या पिना धरल्या जात नाहीत. पुढचा चेंडू सात पिनांचा असल्याने स्पेअरचे सतरा गुण झाले असते, ते आठावर आले. नऊ गुण गेले आणि सामना आपण चार गुणांनी हरलो. मशीनला हा नियम कळत नाही. गुण हाताने दुरुस्त करावे लागतात.

म्हणून दुसरा चेंडू उचलण्यापूर्वी उजवे गटर पाहा, डावे गटर पाहा आणि पिनांच्या पुढची मोकळी जागा पाहा. साठ फुटांवर आडवी पडलेली पंधरा इंचांची पिन सहज दिसत नाही, म्हणून गरज पडल्यास खाली वाकून पाहा. काही दिसले तर थांबा आणि कर्मचाऱ्याला बोलवा. स्वतः लेनवर जाऊ नका, तिथे तेल असते. पिन काढताना उभी पिन पडली, तर ती तिच्या जागी परत उभी करवून घ्या, कारण ती तुमच्या खात्यात येत नाही. पुन्हा सांगतो, गटर पाहा. पहिल्या चेंडूआधीसुद्धा पाहा.

पिन पडणे कधी ग्राह्य धरायचे, हेही थोडक्यात लक्षात ठेवा. बाजूच्या भिंतीवरून, मागच्या पडद्यावरून किंवा स्थिर उभ्या स्वीप बारवरून उसळलेल्या पिनेने दुसरी पाडली, तर ती मोजतात. चेंडू मागच्या पडद्यावरून उसळून आला आणि त्याने पिन पाडली, तर ती मोजत नाहीत. पिनांपर्यंत पोहोचण्याआधीच गटरमध्ये गेलेल्या चेंडूने पाडलेली आणि मशीनच्या धक्क्याने पडलेलीही नाही. भिंतीला टेकून कललेली पिन पडलेली समजतात. उसळून आलेली पिन लेनवर उभी राहिली, तर ती उभीच.

मांडणी वाकडी वाटली तर चेंडू टाकण्याआधी सांगा. टाकल्यावर ती तक्रार चालत नाही. पिन गायबच असेल तर लगेच ओरडा. दहाव्या फ्रेममध्ये सगळ्यांना घाई होते, गटर तेव्हाही पाहा.